सावली किती आणि कोठे? उंच सौर पॅनेलखालील हळदीसाठी उंची व ओळींतील अंतर ठरविण्याची रीत

एकाच जमिनीतून वीज आणि पीक दोन्ही घेण्याची कल्पना जर्मनीतील अडॉल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन झास्ट्रो यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली. जपानमध्ये अकिरा नागाशिमा यांनी २००४ च्या सुमारास ती शेतात उतरविली, तर भारतात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅटचा प्रकल्प उभारून मूग, मटकी, गवार, इसबगोल, जिरे यांसारखी बुटकी पिके पॅनेलच्या ओळींमधील जागेत घेतली. पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकातही शेतजमिनीवर खांबांवर उंच उभारलेल्या प्रकल्पांना वाव आहे. त्यामुळे पॅनेल किती उंच असावे आणि दोन ओळींत किती अंतर असावे, हे दोन प्रश्न आता विस्तार कार्यकर्त्यांपुढे वारंवार येतात. पुष्कळदा उभारणी करणारा कंत्राटदार त्यांची उत्तरे विजेच्या हिशेबाने देऊन मोकळा होतो आणि पिकाचा विचार खांब रोवल्यानंतर सुरू होतो. तोवर बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

या दोन मापांची कामे वेगवेगळी आहेत आणि त्यांची गल्लत हीच बहुतेक चुकांच्या मुळाशी असते. ओळींतील अंतर सावलीचे प्रमाण ठरविते, तर उंची ती सावली कोठे पडेल हे ठरविते. पॅनेल उंच केले की खाली ऊन वाढते असा सर्वसाधारण समज आहे. थेट उन्हापुरता तो खरा नाही. पॅनेल दोन मीटरवर असो की चार मीटरवर, त्याच कलाच्या पॅनेलची सावली तेवढीच रुंद राहते. ती फक्त पुढे सरकते. ढगाळ दिवशी आकाशातून सर्व बाजूंनी येणारा विखुरलेला प्रकाश उंच मांडवाखाली अधिक सारखा पसरतो, हे मात्र खरे.

एक मीटरची काठी

सावलीचा हिशेब करण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सपाट जागी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी, जमिनीवर दक्षिणोत्तर दोरी ताणावी आणि काठीच्या टोकाची सावली बुंध्यापासून उत्तरेकडे किती सरकली आहे ते मोजावे. सकाळी किंवा दुपारनंतर सावली तिरपी पडते. अशा वेळी तिची पूर्ण लांबी न घेता केवळ दक्षिणोत्तर दिशेतील अंतर घ्यावे. पॅनेलची जी कड जमिनीपासून जितके मीटर उंच, तितक्या पटीने हे अंतर वाढविले की त्या कडेची सावली कोठे पडेल ते कळते.

परभणीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.३ अंश उत्तरेस, २१ डिसेंबरच्या मध्यान्ही हे अंतर ९२ सेंटिमीटर येते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हे. परभणीत त्या दिवशी सूर्य सर्वांत उंच येतो तो सुमारे बारा वाजून वीस मिनिटांनी. त्याच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर अंतर १२३ सेंटिमीटर असते. मार्च आणि सप्टेंबरमधील समान दिवस-रात्रीच्या सुमारास ते दिवसभर ३५ सेंटिमीटरच राहते. जूनमध्ये सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो, त्यामुळे मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे जेमतेम ७ सेंटिमीटर पडते. जोधपूरला हीच काठी २१ डिसेंबरच्या मध्यान्ही ११८ सेंटिमीटर सावली देते. तेथील आराखडा मराठवाड्यात, किंवा येथील आराखडा तेथे, जसाच्या तसा वापरता येत नाही तो यामुळे.

हळदीच्या एका शेताचा हिशेब

परभणी परिसरातील हळदीचे एक एकर क्षेत्र उदाहरणादाखल घेऊ. ५५० वॅट क्षमतेचे पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. त्याची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवून, तोंड दक्षिणेकडे करून आणि १९ अंशांचा कल देऊन पूर्व-पश्चिम अखंड ओळी उभारल्या असे समजावे. अशा पॅनेलने जमिनीवरील सुमारे २.१६ मीटर रुंदीचा पट्टा झाकला जातो आणि त्याची उत्तरेकडील कड दक्षिणेकडील कडेपेक्षा ७४ सेंटिमीटर उंच असते. खालची कड जमिनीपासून ३ मीटरवर, म्हणून वरची ३.७४ मीटरवर. एका ओळीच्या मध्यापासून पुढच्या ओळीच्या मध्यापर्यंत ६ मीटर.

एका ओळीची सावली दुसऱ्या ओळीच्या पॅनेलवर पडू नये एवढेच पाहायचे असते, तर येथे ३.१ मीटर अंतर पुरले असते. केवळ विजेसाठी केलेले प्रकल्प दाट असतात ते याच हिशेबाने. पिकासाठी अंतर वाढवावे लागते. ६ मीटर अंतराने मध्यान्हीचे थेट ऊन जूनमध्ये सुमारे ३५ टक्के, सप्टेंबरअखेर ४० टक्के आणि डिसेंबरमध्ये ४७ टक्के अडते. ९ मीटर ठेवल्यास जूनचा आकडा २३ आणि डिसेंबरचा ३२ टक्क्यांवर येतो. या मोकळ्या जागेचे मोल विजेत मोजावे लागते: ६ मीटरला एकरी सुमारे ३३० किलोवॅट बसतात, ९ मीटरला २२० किलोवॅट. कडेची, रस्त्यांची आणि ट्रॅक्टर वळविण्याची जागा सोडल्यावर हे दोन्ही आकडे खाली येतात. रब्बीत सावली अधिक असते, हेही या आकड्यांत दडलेले आहे. सूर्य खाली उतरला की कललेल्या पॅनेलची सावली लांबते. हरभऱ्यासारखे ऊनप्रिय रब्बी पीक घेणाऱ्याने जूनच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये.

आता ही सावली नेमकी कोठे पडते ते पाहू. पॅनेलच्या मध्याखालील जमिनीवर एक रेषा आखली आणि तिच्यापासून उत्तरेकडे अंतरे मोजली, तर २१ जूनच्या मध्यान्ही सावली रेषेच्या दक्षिणेस १.३ मीटरपासून उत्तरेस ०.८ मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पॅनेलखालीच असते. सप्टेंबरअखेर ती शून्यापासून २.४ मीटरपर्यंत येते आणि दिवसभर तेथेच राहते, कारण त्या दिवसांत काठीचे अंतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बदलत नाही. ऑक्टोबरच्या मध्यास ती ०.५ ते ३.० मीटर आणि २१ डिसेंबरला १.७ ते ४.५ मीटर अशी असते. थोडक्यात, हिवाळ्यात पॅनेलखालची जमीन उन्हात आणि दोन ओळींमधली मोकळी वाटणारी जमीन सावलीत असते. ‘सावलीचे पीक पॅनेलखाली, उन्हाचे पीक मधल्या पट्ट्यात’ असा सल्ला सर्रास दिला जातो. या उंचीवर आणि या अक्षांशावर डिसेंबरमध्ये तो उलटा ठरतो.

हळदीच्या गादीवाफ्यांना सरीसह दीड मीटर धरल्यास ६ मीटरच्या अंतरात चार वाफे पूर्व-पश्चिम बसतात. पहिला वाफा पॅनेलच्या दक्षिण भागाखाली, रेषेच्या दीड मीटर अलीकडून रेषेपर्यंत. दुसरा रेषेपासून दीड मीटरपर्यंत. तिसरा दीड ते तीन. चौथा तीन ते साडेचार मीटर. हळद मे-जूनमध्ये लागते आणि आठ-नऊ महिने शेतात राहते. नारळाच्या बागेतील विरळ सावली तिला मानवते. उगवणीच्या काळात कडक उन्हापासून आडोसा मिळाल्यास कोंबांना बरे पडते. पण शरदापासून पुढे कंद पोसू लागतात, तेव्हा पानांनी केलेल्या अन्नावरच त्यांचे वजन अवलंबून असते. त्यामुळे सावली किती यापेक्षा ती कोणत्या महिन्यात आली, हा प्रश्न हळदीच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे.

या कसोटीवर चारही वाफे सारखे नाहीत. पहिल्या वाफ्याला जूनमध्ये सावली मिळते, सप्टेंबरमध्ये ऊन आणि डिसेंबरमध्ये सकाळ-संध्याकाळची सावली सोडता मध्यान्हीचे ऊन. हळदीला हवा तोच क्रम. दुसरा वाफा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जवळजवळ पूर्ण झाकला जातो, मात्र नोव्हेंबरपासून मोकळा होऊ लागतो. चौथ्याला आरंभी आडोसा नाही. त्याला डिसेंबरमध्ये सावली गाठते, पण तोवर बरीच वाढ झालेली असते. खरा तोटा तिसऱ्या वाफ्याचा. सप्टेंबरअखेर त्याचा निम्म्याहून अधिक भाग झाकलेला असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन कंद पोसण्याच्या काळात, तो दिवसाचा मोठा भाग सावलीत राहतो. तेथे हळद लावून सरासरी खाली ओढण्यापेक्षा पावसाळा सरताना कोथिंबीर, मेथी किंवा पालक घ्यावा, अथवा ये-जा करण्याची वाट तेथूनच काढावी. पालेभाज्यांत पान हेच उत्पन्न असते आणि मध्यम सावलीत पाने मोठी होतात. फ्रान्समधील माँपेलिए येथील प्रयोगांत सावलीतील लेट्यूसने पानांचा पसारा वाढवून मिळेल तो प्रकाश अधिक कार्यक्षमतेने टिपल्याचे दिसले होते. बाजरी, ज्वारी, मका आणि कापूस यांच्याबाबत अशी अपेक्षा ठेवू नये.

खालची कड ३ ऐवजी २ मीटरवर असती, तर डिसेंबरची सावली ०.८ ते ३.६ मीटरवर पडली असती; ४ मीटरवर असती तर २.६ ते ५.५ मीटरवर. रुंदी तिन्ही वेळा तीच. उंची बदलली की वाफ्यांची निवड नव्याने करावी लागते, म्हणून आधी उंची पक्की करावी आणि मग वाफे आखावेत.

उंची कशावरून ठरवावी

उंचीचे पहिले कारण म्हणजे पॅनेलखालून जाणारे सर्वांत उंच यंत्र. ट्रॅक्टरचा धुराचा नळ, छत आणि उचललेले अवजार यांपैकी जे सर्वांत वर येते ते स्वतः मोजावे, त्यात उंचसखल रानातील उसळीसाठी किमान ३० ते ५० सेंटिमीटर मिळवावेत आणि ती पॅनेलच्या खालच्या कडेची किमान उंची समजावी. छोटा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांच्यावर भागणाऱ्या हळदीच्या शेताला ३ मीटर पुरतात. जर्मनीतील हेगलबाख येथे २०१६ मध्ये उभारलेल्या १९४ किलोवॅटच्या प्रकल्पात पॅनेलखाली ५ मीटर मोकळी जागा ठेवली होती, कारण तेथे गहू होता आणि कापणी यंत्र खालून न्यायचे होते. ते माप हळदीसाठी उचलण्याचे कारण नाही.

अधिकची प्रत्येक मीटर उंची पोलादात आणि काँक्रीटमध्ये मोजावी लागते. वाऱ्याचा जोर तोच धरला तरी २ मीटरऐवजी ४ मीटरवरील पॅनेल पायाला दुप्पट पिळते, आणि वरच्या थरात वाराही अधिक असतो. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; अशा जमिनीत पाया उथळ राहिला तर खांब दोन-तीन वर्षांत कलू लागतात. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचे विभाग दिले आहेत. गावाचा विभाग कोणता धरला आणि मातीची चाचणी कोठे केली, हे दोन प्रश्न करार करण्यापूर्वी अभियंत्याला लेखी विचारावेत.

उंचीचा दुसरा उपयोग ओळी अखंड न ठेवल्यासच होतो. सावली दक्षिणोत्तर दिशेत दिवसभरात फार सरकत नसली, तरी पूर्व-पश्चिम दिशेत ती वेगाने धावते. ३.४ मीटर उंचीवरील पॅनेलची सावली सप्टेंबरअखेर सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा सौर तासांत सुमारे ७.२ मीटर, म्हणजे तासाला सव्वा मीटरच्या आसपास सरकते. एक मीटर उंचीवर हाच वेग तासाला ३५ सेंटिमीटर भरतो. ओळीत एक पॅनेल, मग तेवढीच रिकामी जागा, मग पुन्हा पॅनेल अशी मांडणी केली की प्रत्येक झाडावर साधारण तासभर सावली आणि तासभर ऊन असा पाळीपाळीचा क्रम येतो. अखंड ओळीत या वेगाचा काहीच उपयोग नाही, कारण एका पॅनेलची सावली सरली की लगेच शेजारच्याची येते.

अशी एकाआड एक मांडणी ४.५ मीटर अंतराच्या ओळींत केली, तर पॅनेलची संख्या ९ मीटर अंतराच्या अखंड ओळींएवढीच होते. सावलीची बेरीजही तेवढीच. पण ती विखुरलेली. खांब आणि जोडणी वाढते, त्यामुळे खर्च वाढतो. चारही वाफ्यांत हळदच घ्यायची असेल तर हा खर्च विचारात घेण्याजोगा आहे. वाफ्यागणिक पीक बदलण्याची तयारी असेल, तर अखंड ओळी स्वस्त पडतात. हेगलबाखला पॅनेलची तोंडे नैर्ऋत्येकडे वळविली होती, तीही सावलीचे पट्टे मोडण्यासाठीच. तेथे थोडी वीज सोडून प्रकाशाचा सारखेपणा घेतला गेला.

पाणी, ओल आणि पॅनेलवरील धूळ

सावलीच्या हिशेबात पहिला वाफा सर्वांत चांगला ठरला, पण पॅनेलची खालची कडही नेमकी त्याच्यावरच येते. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पॅनेलवर पडलेले सारे पाणी त्या कडेवरून, ओळीच्या दर मीटरला सुमारे १०८ लिटर, एकाच रेषेत खाली पडते. तीन मीटरवरून पडणारी ही धार माती उडविते, कोंब उघडे पाडते आणि पाणी साचून कंदकूज सुरू होते. त्याच वेळी दोन हातांवर, पॅनेलच्या मध्याखाली, जमीन कोरडी राहते. म्हणून या मांडणीत खालच्या कडेला पन्हळ लावणे ऐच्छिक समजू नये. पन्हळीचे पाणी तळ्यात किंवा टाकीत घेतले तर एकरातील सुमारे १,४५५ चौरस मीटर पॅनेलछायेवरून, ७०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के नासाडी धरली तरी, आठ लाख लिटर पाणी हाती येते. जोधपूरच्या प्रकल्पात पॅनेलवरील पावसाचे पाणी साठवून ते पॅनेल धुण्यासाठी आणि पिकासाठी वापरले आहे.

सावलीत दव उशिरा सुकते. पानांवर ओल जितका वेळ टिकते तितका करपा आणि पानांवरील ठिपके यांना वाव मिळतो, म्हणून ऑगस्टपासून दुसऱ्या वाफ्याची पाहणी उघड्या रानापेक्षा अधिक वेळा करावी. याउलट पाण्याची गरज घटते. उघड्या रानाच्या वेळापत्रकाने ठिबक चालू ठेवल्यास सावलीतील वाफे सदैव ओले राहतात. वाफ्यागणिक ठिबकच्या नळ्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह असणे येथे फार उपयोगी पडते. गंधकासारख्या भुकटीची धुरळणी आणि कोरड्या रानातील नांगरट यांमुळे पॅनेलवर थर बसतो, आणि साडेतीन मीटर उंचीवरचा थर धुणे सोपे नसते. धुण्यासाठी लागणारी शिडी किंवा लांब दांड्याचा ब्रश कोठून फिरणार, याची वाटही आराखड्यातच दाखवावी.

सावली जास्त झाली हे कसे ओळखावे

पीक ते आधीच सांगते. पाने मोठी पण पातळ व फिकट, देठ लांब, खोड बारीक आणि वाऱ्यात कलणारे, फुटवे कमी, पिवळे पडणे उघड्या रानापेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा: ही लक्षणे एखाद्याच वाफ्यात ओळीने दिसली तर कारण खतात न शोधता सावलीत शोधावे. खताची उणीव सहसा सावलीच्या रेषेप्रमाणे सरळ पट्ट्यात येत नाही. खात्री करायची असल्यास निरभ्र दिवशी सकाळी नऊ, मध्यान्ह आणि दुपारी तीन या वेळी चारही वाफ्यांवर आणि उघड्या रानात लक्समापक धरून वाचने घ्यावीत. एकेका वाचनापेक्षा उघड्या रानाशी असलेले त्यांचे प्रमाण पाहावे.

अंतिम निकाल काढणीचाच. चारही वाफ्यांतून आणि लगतच्या उघड्या रानातून सारख्या लांबीचे, किमान तीन ठिकाणचे कंद वेगवेगळे खोदून वजन करावे. सगळी हळद एकत्र मोजली तर तिसऱ्या वाफ्याचा तोटा पहिल्याच्या नफ्यात बुडून जातो आणि पुढील वर्षी काय बदलायचे ते कळत नाही. किती घट चालेल याचे माप इतर देशांनी आपापले ठरविले आहे: जपानने २०१३ मध्ये परिसरातील सरासरीच्या ८० टक्के उत्पादनाची अट घातली, तर जर्मनीच्या २०२१ च्या मानकात किमान ६६ टक्के उत्पादन अपेक्षित आहे.

एका हंगामावरून मात्र निर्णय पक्का करू नये. हेगलबाखला २०१७ मध्ये पॅनेलखालील बटाटा आणि गव्हाचे उत्पादन घटले होते. २०१८ च्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्यात मात्र त्याच शेतात बटाटा उघड्या रानापेक्षा ११ टक्के आणि गहू ३ टक्के अधिक आला. मराठवाड्यात पावसाचा मोठा खंड पडलेले वर्ष आणि सलग ढगाळ राहिलेले वर्ष यांत असाच फरक पडू शकतो. ढगाळ वर्षी प्रकाश मुळातच कमी असतो आणि पॅनेल त्यातला आणखी हिस्सा अडविते. दोन्ही तऱ्हेच्या वर्षांची वाफ्यागणिक वजने हाती आल्यावरच उरलेल्या रानातील ओळी ६ मीटरवर उभाराव्यात की ९ मीटरवर, हे ठरवावे. पहिल्या वर्षी सर्व क्षेत्रावर खांब रोवण्याऐवजी दोन-तीन ओळींपासून आरंभ करणे त्यासाठी इष्ट.